गोरेपणाच्या जाहिराती, नोकरी-लग्न आणि नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहक हक्कांवर लिहायला लागल्यापासून गोरेपणाच्या क्रीमबद्दल पत्रं आली नाहीत असा महिना आठवत नाही. विचारणाऱ्यांत लग्नाच्या वयाच्या मुली असतात, त्यांच्या आया असतात, शाळेतले शिक्षक असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः एकाच क्रीमची आहेत, कारण 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ची गोष्ट कळली की बाकीच्यांची वेगळी सांगावी लागत नाही.

1. गोऱ्या रंगाचं वेड आपल्याकडे आधीपासूनच होतं. मग जाहिरातींना दोष कशाला?

वेड होतंच. ‘वधू पाहिजे’च्या सदरात ‘गोरी, सुंदर, गृहकृत्यदक्ष’ हे शब्द क्रीमच्या जाहिरातींनी आणलेले नाहीत. सावळ्या मुलीच्या बापाला हुंडा जास्त मोजावा लागायचा, हेही जुनंच दुखणं. पण तेव्हा रंग म्हणजे नशीब मानलं जायचं. मुलगी सावळी जन्मली तर त्यात तिची चूक आहे असं कुणी म्हणत नव्हतं. टोमणे मारणारेसुद्धा ‘देवानं दिलाय तसा रंग’ म्हणून गप्प व्हायचे.

जाहिरातींनी नेमकं हेच बदललं. रंग ही बदलता येणारी गोष्ट आहे आणि ती बदलली नाही तर प्रयत्नात कसूर तुमची, असं त्यांनी सांगितलं. ट्यूबवर एकाच मुलीचे दोन चेहरे छापलेले असायचे, एक सावळा आणि एक उजळ. सोबत रंगाच्या छटांची पट्टी, म्हणजे दर आठवड्याला आरशात बघून आपण कुठल्या पायरीवर आलो ते मोजायचं. छोटी स्वस्त पाकिटं निघाली आणि हे मोजमाप वाडीवस्तीवरच्या किराणा दुकानापर्यंत पोहोचलं. असलेल्या पूर्वग्रहाला उपाय विकणं आणि त्या उपायाच्या खपासाठी पूर्वग्रह जागता ठेवणं, ही जबाबदारी जाहिरात करणाऱ्यांचीच आहे.

2. आधी सगळं लग्नाभोवतीच होतं ना? त्यात नोकरी कुठून आली?

सुरुवातीच्या जाहिरातींचा शेवट लग्नात व्हायचा. मुलीला नकार, मग क्रीम, मग पसंती. नव्वदच्या दशकात मुली शिकून कमवायला लागल्या, घरोघरी केबल आली आणि फक्त ‘स्थळ येईल’ एवढं सांगून भागेना. तेव्हा सूत्र तेच ठेवून बक्षीस बदललं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे एअर होस्टेसची जाहिरात. घरात पैशाची ओढाताण आहे. निवृत्त वडील म्हणतात, आपल्याला मुलगा असता तर! सावळी मुलगी ते ऐकते आणि तिचा चेहरा पडतो. मग ती क्रीम वापरते, काही क्षणांत उजळ होते, आखूड स्कर्टमध्ये आत्मविश्वासानं चालत येते, विमान कंपनीत नोकरी मिळवते आणि आईवडिलांना पंचतारांकित हॉटेलात घेऊन जाते. वडील खूश.

ही गोष्ट नीट बघा. मुलीला नोकरी मिळते, ती घर चालवते, मुलाची उणीव भरून काढते, म्हणजे वरवर पाहता हा पुरोगामी विचार. पण तिचं शिक्षण, तिची तयारी, मुलाखतीत ती काय बोलली, यातलं काहीही पडद्यावर नाही. आधीची मुलगी आणि नंतरची मुलगी यांच्यात रंगाशिवाय काही बदललेलं दाखवलेलं नाही. बघणाऱ्या शाळकरी मुलीच्या मनात कारण म्हणून रंगच उरतो. पुढे याच साच्यात क्रिकेटची समालोचक होऊ पाहणारी मुलगीही दिसली. माझ्या मते लग्नाच्या जाहिरातींपेक्षा या नोकरीच्या जाहिरातींनी जास्त नुकसान केलं, कारण मुलींच्या महत्त्वाकांक्षेलाच त्यांनी रंगाची अट जोडली.

3. त्या एअर होस्टेसच्या जाहिरातीवर बंदी आली होती असं ऐकलं. नेमकं काय झालं?

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं 2002 मध्ये आधी थेट कंपनीकडे, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थान लिव्हरकडे, आक्षेप नोंदवला. तिथे दाद मिळाली नाही तेव्हा संघटना राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेली. आक्षेप तीन होते. जाहिराती रंगावरून भेद करतात, मुलापेक्षा मुलगी कमी हे गृहीत धरतात आणि बाईच्या कर्तृत्वाचा तिच्या रूपाशी संबंध जोडतात. आयोगानं तक्रार माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे पाठवली.

मंत्रालयाच्या हातात केबल टेलिव्हिजन कायदा, 1995 होता. त्याखालच्या जाहिरात संहितेत वंश, जात, रंग, पंथ किंवा राष्ट्रीयत्व यांची हेटाळणी करणाऱ्या जाहिरातीला मनाई आहे, आणि स्त्रियांच्या चित्रणाबद्दल वेगळं कलम आहे. त्याच आधारानं वाहिन्यांना नोटिसा गेल्या आणि 2003 मध्ये दोन जाहिराती पडद्यावरून गेल्या. एक ही एअर होस्टेसची. दुसरीत दोन मैत्रिणी होत्या, गोरीला मित्र आहे आणि सावळीला नाही.

या निर्णयाची मर्यादाही तिथेच दिसते. कारवाई दोन जाहिरातींवर झाली. क्रीमवर, तिच्या नावावर किंवा त्या साच्यावर झाली नाही. त्याच वर्षी कंपनीनं क्रीमच्या नावानं एक फाउंडेशन काढलं आणि मुलींना शिष्यवृत्त्या देऊ केल्या. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींचं भलं झालं असेल, पण ब्रँडचं नाव आता मुलींच्या शिक्षणाशीही जोडलं गेलं. जाहिराती नव्या गोष्टी घेऊन चालूच राहिल्या.

4. 2014 साली गोरेपणाच्या जाहिरातींसाठी वेगळे नियम आले. त्यात काय आहे?

हे नियम ‘आस्की’चे आहेत, म्हणजे भारतीय जाहिरात मानक परिषदेचे. ही मुंबईतली, 1985 साली स्थापन झालेली, जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि माध्यमांनी मिळून चालवलेली संस्था आहे. 2009 पासून चेन्नईतून ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम सुरू झाली होती. 2013 मध्ये नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या आणि विषय देशभर चर्चेत आला. ऑगस्ट 2014 मध्ये परिषदेनं चार मुद्द्यांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली.

पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सावळ्या किंवा काळ्या रंगाची व्यक्ती अनाकर्षक, दुःखी, खचलेली किंवा चिंतेत दाखवायची नाही, आणि आयुष्याच्या कुठल्याही बाबतीत ती मागे पडलेली दाखवायची नाही. यात लग्न, नोकरी, बढती आणि भिन्नलिंगी व्यक्तीला आवडणं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. दुसरा, ‘वापरण्याआधी’च्या चित्रात मॉडेलचा चेहरा पडलेला नको. तिसरा, रंगाचा संबंध विशिष्ट आर्थिक वर्ग, जात, समाज, धर्म किंवा व्यवसायाशी जोडायचा नाही. चौथा, रंगाच्या आधारानं स्त्री-पुरुष भेदभावाला खतपाणी घालायचं नाही.

प्रश्न 2 मधली जाहिरात या चारही मुद्द्यांवर नापास होते. ती जाहिरात पडद्यावरून गेल्यावर हे नियम लिहायला अकरा वर्षं लागली.

5. मी पाहिलेली जाहिरात हे नियम मोडते की नाही, हे कसं ओळखायचं?

आवाज बंद करून एकदा बघा. गोरेपणाच्या जाहिरातीत भेदभाव बहुतेक वेळा शब्दांत नसतो, चित्रात असतो. एक कल्पित जाहिरात घेऊ. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी निवेदिका निवडायची आहे. एक मुलगी मागच्या बाकावर, खिडकीपासून दूर, मान खाली घालून बसली आहे. ती एक सीरम लावते. पुढच्या दृश्यात प्रकाश वाढलेला, तिचा रंग दोन छटा उजळ, माईक तिच्या हातात आणि सगळे टाळ्या वाजवताहेत. जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द एकदाही नाही, फक्त ‘चमक’ आहे.

तरीही आधीची मुलगी खचलेली आहे (मुद्दा 1 आणि 2) आणि यशाचं दाखवलेलं कारण फक्त रंगातला बदल आहे (मुद्दा 1). तक्रारीत एवढंच लिहायचं असतं: कितव्या सेकंदाला काय दिसतं आणि त्यातून काय सूचित होतं. ‘जाहिरात आवडली नाही’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही.

उलट बाजूही सांगते. ‘काळे डाग कमी होतात’ असं म्हणणारी आणि सावळी, हसरी मॉडेल दाखवणारी जाहिरात या नियमांत सहसा अडकत नाही. तिथे प्रश्न उरतो तो दावा खरा आहे का याचा. त्यासाठी प्रश्न 8 आणि 9 बघा.

6. परिषदेकडे तक्रार केली तर काही होतं का? तिला दंड करता येतो?

दंड करता येत नाही. ती सरकारी संस्था नाही. तक्रार ascionline.in वर फुकट करता येते. जाहिरातीची क्लिप किंवा स्क्रीनशॉट, वाहिनी किंवा ॲपचं नाव, तारीख आणि वेळ द्यावी लागते. जाहिरातदाराला उत्तर द्यायची संधी मिळते, मग तिची ग्राहक तक्रार परिषद निर्णय घेते आणि जाहिरात बदला किंवा मागे घ्या असं सांगते.

टीव्हीच्या बाबतीत या निर्णयाला कायद्याचं पाठबळ आहे. परिषदेची संहिता मोडणारी जाहिरात दाखवू नये, असं केबलच्या नियमांतच लिहिलेलं आहे. छापील जाहिरात, होर्डिंग आणि मोबाइलवर तेवढी पकड नाही. शिवाय टीव्हीवरची जाहिरात काही आठवड्यांचीच असते. निर्णय येईपर्यंत ती तिचं काम करून गेलेली असू शकते. म्हणून दिसल्या दिवशीच तक्रार करा.

7. मग सरकारी कायदा काही आहे की नाही?

आहे, पण तो खोट्या दाव्यांना धरतो, रंगभेदाला धरेलच असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली 2020 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं. जून 2022 मध्ये या कायद्याखाली जाहिरातींची मार्गदर्शक तत्त्वं आली. मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीनं त्यांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड तयार करू नये, असं त्यांत म्हटलं आहे. शाळकरी मुलींना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींसाठी हे कलम उपयोगी आहे आणि ते फार कमी वापरलं जातं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

बऱ्याच जणांना वाटतं की गोरेपणाच्या जाहिरातीसाठी पाच वर्षं तुरुंगवासाचा कायदा झाला आहे. तसं झालेलं नाही. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात बदल सुचवणारा मसुदा फेब्रुवारी 2020 मध्ये आरोग्य मंत्रालयानं जाहीर केला होता. ज्यांच्या जाहिरातीच करता येणार नाहीत अशा विकारांच्या वाढवलेल्या यादीत ‘त्वचेचा गोरेपणा’ होता. बातम्या त्या मसुद्याच्या होत्या. मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

8. पण क्रीमनं थोडं तरी गोरं व्हायला होतं का?

‘फेअर अँड लव्हली’चा मुख्य घटक नायसिनामाइड, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाचं एक रूप. कातडीतल्या रंगपेशी मेलॅनिन तयार करून वरच्या पेशींकडे पाठवतात. नायसिनामाइड ही पाठवणी काही प्रमाणात मंदावतं. सोबत सनस्क्रीन असलं तर उन्हानं येणारा काळेपणा कमी होतो. त्यामुळे डाग थोडे फिके होणं, रापलेला चेहरा थोडा उतरणं शक्य आहे. क्रीम बंद केली आणि ऊन लागलं की पुन्हा पहिल्यासारखं.

तुमचा मूळ रंग बघायचा असेल तर दंडाची आतली, काखेजवळची बाजू बघा. तिथे ऊन जवळजवळ लागत नाही. चेहरा फार तर तिथपर्यंत येऊ शकतो. त्यापलीकडचा उजळपणा कुणी दाखवत असेल तर तो दिव्यांचा, मेकअपचा किंवा प्रश्न 14 मध्ये सांगितलेल्या घातक द्रव्यांचा असतो.

9. क्रीम लावूनही गोरं झालो नाही म्हणून कुणी कोर्टात गेलंय का?

गेलंय. दिल्लीतल्या एका ग्राहकानं 2013 मध्ये 79 रुपयांना इमामी कंपनीची पुरुषांसाठीची ‘फेअर अँड हँडसम’ घेतली, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे वापरली आणि गोरेपणा आला नाही म्हणून जिल्हा ग्राहक मंचाकडे तक्रार केली. 2015 मध्ये निकाल कंपनीविरुद्ध गेला. राज्य आयोगानं तो 2017 मध्ये रद्द केला आणि प्रकरण पुन्हा जिल्ह्याकडे आलं. डिसेंबर 2024 मध्ये जिल्हा आयोगानं पुन्हा कंपनीलाच दोषी धरलं. साडेचौदा लाख रुपये ग्राहक कल्याण निधीत आणि 50 हजार तक्रारदाराला द्यायला सांगितलं.

यातला कंपनीचा बचाव वाचण्यासारखा आहे. फरक पडायला योग्य वापर, सकस आहार, व्यायाम, चांगल्या सवयी हे सगळं लागतं, असं तिनं सांगितलं. आयोगानं विचारलं की हे पाकिटावर कुठे लिहिलं आहे? पाकिटावर फक्त चेहरा धुवून दिवसातून दोनदा लावा एवढंच होतं. अटी लपवून फळ तेवढं मोठ्या अक्षरांत छापणं, हीच दिशाभूल. तक्रार करणाऱ्यांनी या निकालातून घ्यायची गोष्ट म्हणजे पाकीट आणि बिल जपून ठेवणं. आणि हेही लक्षात घ्या की 79 रुपयांच्या तक्रारीला अकरा वर्षं लागली, आणि जिल्हा आयोगाच्या निकालावर अपील करता येतं.

10. 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. मग प्रश्न सुटला ना?

अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर वंशभेदाविरुद्ध उठलेल्या लाटेत हे घडलं, कुठल्या भारतीय नियामकाच्या आदेशानं नाही. जून 2020 च्या शेवटी हिंदुस्थान युनिलिव्हरनं ‘फेअर’ शब्द काढण्याची घोषणा केली आणि जुलैत नवं नाव जाहीर झालं. पाकिटावरचे दोन चेहरे आणि छटांची पट्टी कंपनीनं 2019 मध्येच काढली होती. जॉन्सन अँड जॉन्सननं तर आपली अशी काही उत्पादनं बंदच केली.

शब्द जाणं ही छोटी गोष्ट मी मानत नाही. दुकानात ‘गोरं आणि सुंदर’ अशी जोडी रोज वाचावी लागत नाही, याचा लहान मुलींवर परिणाम होतो. पण दुकानात जाऊन बघा, अनेक ठिकाणी ती अजून जुन्या नावानंच मागितली जाते. आणि ‘उजळ’, ‘ब्राइट’, ‘ग्लो’, ‘टॅन घालवा’ या शब्दांमागचं चित्र बदललं नसेल तर नियमही तसेच लागू पडतात (प्रश्न 5).

11. हीच जाहिरात एखाद्या इन्फ्लुएन्सरनं केली तर?

पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर ती जाहिरातच, आणि तसं स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे. परिषदेचे याबाबतचे नियम 2021 चे आहेत. दिशाभूल करणाऱ्या दाव्याला आपला चेहरा देणाऱ्या व्यक्तीवर प्राधिकरण दंड करू शकतं आणि एक वर्षापर्यंत, पुन्हा चूक केल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला मनाई करू शकतं. दाव्याची नीट शहानिशा केली होती हे दाखवता आलं तर मात्र ती व्यक्ती सुटते.

12. गोऱ्या मुलींना चांगली स्थळं येतात हे तर खरंच आहे. जाहिरात खरं तेच दाखवते, त्यात चूक काय?

हा प्रश्न आया विचारतात आणि त्यांच्या अनुभवाला मी खोटं म्हणणार नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीकडे कसं बघितलं जातं, हे त्यांनी सोसलेलं असतं.

पण नकार देणारा मुलगा आणि नकार सोसणारी मुलगी यांच्यात चूक कुणाची, हे जाहिरात ठरवून टाकते. नकार देणारे जाहिरातीत कधी बदलत नाहीत. बदलते ती मुलगी, आणि ती बदलली की त्यांचं वागणं योग्यच होतं असं ठरतं. म्हणून नियमांचा आक्षेप ‘खोटं दाखवलं’ एवढाच नाही. भेदभाव घडतो हे खरं असलं तरी तो रास्त आहे असं दाखवून माल विकायला मनाई आहे.

13. ‘गोरी मुलगी हवी’ अशी स्थळाची जाहिरात किंवा रंगावरून नोकरी नाकारणं, हे बेकायदेशीर आहे का?

कुणाला कुणाशी लग्न करायचं, हे कायदा ठरवत नाही. क्रीमच्या जाहिरातींचे वर सांगितलेले नियम घरच्या स्थळाच्या मजकुरासाठी केलेले नाहीत. संकेतस्थळांवर मात्र दबाव चालतो. शादी डॉट कॉमनं जून 2020 मध्ये त्वचेच्या रंगाची चाळणी काढली, ती अमेरिकेतल्या भारतीय तरुणींनी आवाज उठवल्यावर. पण आपल्याकडच्या छापील बायोडेटात ‘वर्ण’ हा रकाना अजून असतो आणि त्यात ‘गव्हाळ’ लिहू की ‘निमगोरा’ यावर घरात चर्चा होते. तो रकाना छापायची सक्ती कुणीही केलेली नाही. गाळला तर चालतो.

नोकरीचं उत्तर निराश करणारं आहे. संविधानाच्या कलम 15 आणि 16 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे आधार आहेत. रंगाचा वेगळा उल्लेख नाही, आणि हे हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायचे आहेत. खासगी कंपनीनं रंगावरून नाकारलं तर त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. भरतीच्या जाहिरातीत ‘गोरा वर्ण’ अशी अट छापलेली दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा. जाहिरात म्हणून तरी तिच्याविरुद्ध परिषदेकडे दाद मागता येते.

14. पार्लरमधून डबीत भरून मिळणारी क्रीम आठवड्यात गोरं करते. तिला हे नियम लागू होतात का?

तिची जाहिरातच होत नाही, ती तोंडोतोंडी विकली जाते, म्हणून वरचे जाहिरातींचे नियम तिथे पोहोचत नाहीत. तिथे औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा लागतो आणि तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची असते.

आठवड्यात दिसणारा उजळपणा बहुधा पाऱ्यामुळे किंवा स्टेरॉइडमुळे असतो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत मिसळलेला पारासुद्धा दहा लाख भागांत 1 भागापेक्षा जास्त चालत नाही. केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांना 2023 मध्ये किडनीच्या एका विरळ आजाराचे रुग्ण एकामागून एक दिसू लागले, आणि त्यांच्यातला समान धागा निघाला गोरेपणाच्या क्रीमचा. स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, लाल होते, मुरमं येतात, आणि बंद केली की जास्त बिघडते, म्हणून मुली ती सोडतच नाहीत.

डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत यातलं काही नसेल तर लावू नका. आधीच लावत असाल आणि पायांवर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल तर डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. काय लावत होता ते न लाजता सांगा. तपासणी कशाची करायची, ते त्यावरूनच ठरतं.